बत्तीसचं उत्तर, दोन वाटा: निव्वळ एटीपी मोजण्याच्या एका प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात टिळक रस्त्याच्या आसपास अकरावी-बारावीचे जे असंख्य क्लासेस आहेत, त्यांपैकी एका क्लासमधली ही गोष्ट. माणसांची आणि क्लासची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. दर रविवारी सराव परीक्षा, नीटच्या धर्तीवर बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक. जीवशास्त्राचे सर पंधरा-वीस वर्षं शिकवणारे, मुलांमध्ये लोकप्रिय. मी त्या क्लासमध्ये शिकवत नाही. पेपर काढून झाला की दुसऱ्या नजरेखालून जावा, आणि निकालावर हरकत आली तर तिसऱ्या माणसाने पाहावं, या कामासाठी मला बोलावतात. हा पेपर मात्र माझ्याकडे हरकत आल्यानंतरच पोहोचला.

वादाचा प्रश्न असा होता: ‘एका ग्लुकोज रेणूच्या संपूर्ण ऑक्सिडीकरणातून पेशीला निव्वळ किती एटीपी मिळतात?’ एटीपी म्हणजे पेशी ऊर्जा ज्या रूपात वापरते तो रेणू. पर्याय होते ३०, ३२, ३६ आणि ३८. उत्तरसूचीत ३८.

जीवरसायनशास्त्र थोडंफार माहीत असणाऱ्याला इथेच खटकेल. हे चारही आकडे कुठल्या ना कुठल्या गृहीतकाखाली बरोबर ठरतात, आणि प्रश्नात गृहीतक एकही दिलेलं नव्हतं.

अडचण काय झाली

निकाल लागला त्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीची आई क्लासमध्ये आली. त्या स्वतः एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “सर, तुमची की चुकली असं मी म्हणत नाही. पण मुलीने ३२ लिहिलं, आणि आज कुठल्याही महाविद्यालयीन जीवरसायनाच्या पुस्तकात ३० किंवा ३२ हेच दिलेलं असतं. तिला उणे एक कसा काय?”

सरांचं म्हणणंही बिनतोड होतं. “मॅडम, पण हिला परीक्षेत ३८ च लिहायचंय. मी आता ३२ शिकवलं आणि तिकडे सूचीत ३८ आलं, तर पाच गुणांचा फटका कोणाला?”

दोघांचं म्हणणं आपापल्या जागी ठीक होतं, पण त्यात मूळ प्रश्न बाजूला पडत होता. मुलांना श्वसनाचा हिशेब येतो का, हे पाहायला तो प्रश्न घातला होता. म्हणून ३२ लिहिणाऱ्या सगळ्या मुलांच्या प्रश्नपुस्तिका मी मागवल्या. या क्लासमध्ये कच्चं काम पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर करायचं आणि पुस्तिका परत द्यायची असा नियम आहे. त्या नियमाचं महत्त्व त्या दिवशी कळलं.

शेवटच्या पानावरचे दोन हिशेब

ग्लुकोज तुटताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि एफएडीएच२ हे वाहक रेणू उचलतात, आणि त्यांच्यापासून पुढे बहुतेक एटीपी बनतात. ज्या मुलीबद्दल तक्रार होती तिने नीट मांडणी केली होती: थेट मिळालेले एटीपी ४, दहा एनएडीएच गुणिले अडीच म्हणजे २५, दोन एफएडीएच२ गुणिले दीड म्हणजे ३. एकूण ३२. एनएडीएचला अडीच आणि एफएडीएच२ ला दीड धरणाऱ्या नव्या पद्धतीने चोख.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाचं पान निघालं. त्यानेही ३२ वर गोल केला होता. त्याचा हिशेब असा: ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट होतात त्या पहिल्या टप्प्यात, चार वजा दोन, म्हणजे २. तिथले दोन एनएडीएच गुणिले तीन, म्हणजे ६. क्रेब्ज चक्राच्या दोन फेऱ्या, त्यात थेट २, सहा एनएडीएचचे १८ आणि दोन एफएडीएच२ चे ४, म्हणजे २४. दोन अधिक सहा अधिक चोवीस, बत्तीस.

बेरीज अचूक आणि तीन-दोनची जुनी पद्धतही सरांनी शिकवली तशीच. पण मधला एक अख्खा टप्पा गायब! पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरल्यावर त्याचं ॲसिटिल को-एन्झाइम ए होतं, तिथे प्रत्येक पायरुव्हेटमागे एक एनएडीएच आणि एक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ग्लुकोजमागे पायरुव्हेट दोन, म्हणून एनएडीएच दोन. जुन्या हिशेबात त्यांचे सहा एटीपी. अडतीसमधून हे सहा गळाले की उरतात बत्तीस.

म्हणजे नव्या पद्धतीने सगळं मोजणारी मुलगी आणि जुन्या पद्धतीने एक टप्पा विसरणारा मुलगा, दोघंही एकाच आकड्यावर येऊन थांबले होते. ३२ ला सरसकट गुण दिले तर त्या मुलाची चूक बरोबर ठरणार, आणि नाकारले तर मुलीवर अन्याय. नुसता अंतिम आकडा पाहून हे दोघं वेगळे काढताच येत नाहीत.

मग ३६ लिहिणाऱ्यांच्या पुस्तिकाही पाहिल्या, त्यांतही तसंच निघालं. एकाने पेशीद्रव्यातले एनएडीएच कमी भावाने मोजले होते, ते रास्त आहे. दुसऱ्याने ग्लायकोलिसिसमध्ये गुंतवलेले दोन एटीपी एकदा तिथे आणि पुन्हा शेवटी ‘निव्वळ’ काढताना, असे दोनदा वजा केले होते.

हिशेबात पक्कं काय आणि गृहीत काय

निर्णय घेण्याआधी सर, मी आणि गणिताचे एक सहकारी असे फळ्यासमोर बसलो. सहकाऱ्यांना जीवशास्त्राचा गंध नाही, त्यामुळे त्यांचे प्रश्न फार उपयोगी पडले. आधी ज्याबद्दल वाद नाही ते फळ्यावर मांडलं. एका ग्लुकोजमागे:

| टप्पा | थेट एटीपी | एनएडीएच | एफएडीएच२ | कार्बन डायऑक्साइड |
|---|---|---|---|---|
| ग्लायकोलिसिस | २ | २ | ० | ० |
| पायरुव्हेट ते ॲसिटिल | ० | २ | ० | २ |
| क्रेब्ज चक्र, दोन फेऱ्या | २ | ६ | २ | ४ |
| एकूण | ४ | १० | २ | ६ |

क्रेब्ज चक्रातले थेट दोन हे प्राण्यांच्या पेशीत बऱ्याचदा जीटीपी म्हणून तयार होतात. हिशेबात ते एटीपीच्याच भावाने धरतात, म्हणून वेगळा रकाना केला नाही.

या कोष्टकाला जुनी किंवा नवी पद्धत नाही. ते जसंच्या तसं राहतं. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे एका एनएडीएचला किती एटीपी धरायचे तिथे.

तीन आणि दोन हे जुने भाव ज्या काळात रूढ झाले, तेव्हा इलेक्ट्रॉन वहन साखळीत एनएडीएचसाठी तीन ठिकाणी ऊर्जा पकडली जाते आणि प्रत्येक ठिकाणी एक अख्खा एटीपी बनतो अशी कल्पना होती. एफएडीएच२ चे इलेक्ट्रॉन पहिलं ठिकाण टाळून पुढे शिरतात, म्हणून त्याला दोन. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी वेगळं चित्र मांडलं, आणि त्यासाठी १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. साखळी थेट एटीपी बनवत नाही. ती तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलते, आणि ते प्रोटॉन एटीपी सिंथेजमधून परत येताना एटीपी बनतो. एकदा हे मान्य केलं की उत्तर पूर्णांकातच यायला हवं असं बंधन उरत नाही.

एनएडीएचच्या इलेक्ट्रॉनच्या एका जोडीमागे साधारण दहा प्रोटॉन बाहेर जातात: साखळीतल्या पहिल्या प्रथिन-संकुलातून चार, तिसऱ्यातून चार, चौथ्यातून दोन. एफएडीएच२ ला पहिलं संकुल मिळत नाही, म्हणून सहा. एक एटीपी तयार होऊन पेशीद्रव्यात पोहोचायला साधारण चार प्रोटॉन खर्ची पडतात, तीन सिंथेज फिरवायला आणि एक फॉस्फेट आत आणून एटीपी बाहेर देण्याच्या देवघेवीत. दहा भागिले चार अडीच, सहा भागिले चार दीड.

इथे सहकाऱ्यांनी विचारलं, “अर्धा एटीपी म्हणजे काय? रेणू अर्धा कसा असेल?” अर्धा रेणू कुठेच नसतो. दोन एनएडीएचमागे पाच एटीपी, इतकंच अडीचचं म्हणणं आहे. पटलाबाहेर जमलेले प्रोटॉन कुठल्या एनएडीएचमुळे आले याची नोंद सिंथेजकडे नसते, त्यामुळे सरासरी हाच तिथला खरा हिशेब. आणि अडीच हाही गोल केलेला आकडा आहे. सस्तन प्राण्यांच्या सिंथेजच्या फिरत्या चक्रात आठ घटक असतात आणि एका फेरीत तीन एटीपी बनतात, म्हणजे एका एटीपीला तीन नव्हे, पावणेतीनच्या जवळपास प्रोटॉन लागतात. त्यामुळे ३८ चुकीचे आणि ३२ हेच अंतिम सत्य, असा आवेशही मला पटत नाही. त्यातच पटलातून काही प्रोटॉन एटीपी न बनवताच परत झिरपतात, म्हणजे जिवंत पेशीत मिळणारा आकडा याहून खाली राहतो.

दुसरं गृहीतक ग्लायकोलिसिसच्या दोन एनएडीएचचं. ते पेशीद्रव्यात तयार होतात आणि तंतुकणिकेचं आतलं पटल त्यांना आत घेत नाही. सोसायटीच्या गेटवर पार्सल ठेवून डिलिव्हरीवाला परत जातो आणि वॉचमन ते वर पोहोचवतो, तसे फक्त इलेक्ट्रॉन आत जातात, एनएडीएच बाहेरच राहतो. हृदय आणि यकृतात हे काम मुख्यतः मॅलेट-ॲस्पार्टेट मार्गाने होतं. आत पुन्हा एनएडीएचच तयार होतो आणि भाव जवळजवळ पूर्ण मिळतो. ग्लिसरॉल फॉस्फेटचा मार्ग मात्र इलेक्ट्रॉन थेट साखळीतल्या युबिक्विनोनला देतो, पहिलं संकुल हुकतं आणि भाव एफएडीएच२ चा लागतो. कंकाली स्नायू आणि मेंदूसाठी पाठ्यपुस्तकं हाच मार्ग सांगतात.

दोन गृहीतकं, प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणून चार उत्तरं. जुना भाव आणि मॅलेट मार्ग ३८, जुना भाव आणि ग्लिसरॉल मार्ग ३६, नवा भाव आणि मॅलेट मार्ग ३२, नवा भाव आणि ग्लिसरॉल मार्ग ३०. प्रश्नाचे चार पर्याय नेमके हेच होते. सर हसले आणि म्हणाले, “पर्याय घालताना मी ‘जवळचे आकडे’ म्हणून घातले होते.”

समोरचे पर्याय

उत्तरसूची ३८ वर कायम ठेवायची, हा पहिला आणि सोपा मार्ग. वर्गात शिकवलं तेच विचारलं, एवढं त्याच्या बाजूने. पण प्रश्नात ‘वर्गात शिकवलेल्या पद्धतीने’ असे शब्द नव्हते आणि अचूक विचार करणाऱ्या मुलीला उणे गुण राहिला असता.

३२ आणि ३८ दोन्ही मान्य करायचे, हा पालकांना पटणारा मार्ग. पण मग ३६ आणि ३० ने काय घोडं मारलं? शिवाय टप्पा विसरलेल्या मुलाला चार गुण मिळाले असते आणि आपलं काही चुकलं हे त्याला कधी कळलंच नसतं. सगळ्यांना चार गुण वाटून टाकायचे, ही क्लासेसची आवडती पद्धत. तिने भांडण मिटतं, पण ४० लिहिता आलं असतं तर तेही चाललं असतं, असा संदेश जातो.

मी कच्चं काम पाहून प्रत्येकाला गुण द्यावेत असं सुचवलं. सरांनी ते नाकारलं आणि माझ्या मते बरोबर नाकारलं. अर्ध्याअधिक मुलांनी शेवटच्या पानावर काहीच लिहिलं नव्हतं. ज्यांनी पाठ असलेला आकडा टाकला त्यांच्याकडे तपासण्यासारखं काही नव्हतं, आणि नियम न सांगता मागाहून लावणं योग्य नव्हे.

काय केलं

तो प्रश्न गुणांच्या बेरजेतून सर्वांसाठी काढून टाकला. ना अधिक, ना उणे. त्याच्या जागी पुढच्या रविवारी एक लेखी प्रश्न घातला:

‘यकृताच्या पेशीत एका ग्लुकोज रेणूचे संपूर्ण ऑक्सिडीकरण होते. एनएडीएचमागे २.५ आणि एफएडीएच२ मागे १.५ एटीपी धरा. पेशीद्रव्यातील एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मॅलेट-ॲस्पार्टेट मार्गाने आत जातात. (अ) प्रत्येक टप्प्यातील थेट एटीपी, एनएडीएच, एफएडीएच२ व कार्बन डायऑक्साइड लिहा. (आ) वाहकांच्या संख्येवरून किती ऑक्सिजन रेणू लागतील ते काढा. (इ) निव्वळ एटीपी काढा.’

गुणांचा मोठा वाटा (अ) ला, (इ) ला सगळ्यात कमी. पण यात माझा जीव (आ) मध्ये होता. मुलांना स्वतःचा हिशेब स्वतः तपासता येईल अशी जागा श्वसनात आहे, आणि ती शिकवली जात नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. शाळेपासून पाठ असलेलं समीकरण असं:

```
C6H12O6 + 6O2 → 6CO2 + 6H2O
```

एनएडीएच असो वा एफएडीएच२, प्रत्येक वाहक साखळीला दोन इलेक्ट्रॉन देतो. साखळीच्या शेवटी ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे दोन वाहकांमागे एक ऑक्सिजन. दहा अधिक दोन म्हणजे बारा वाहक, त्यांना सहा ऑक्सिजन, आणि समीकरणातही सहाच. टप्पा विसरणाऱ्याचे वाहक होतात दहा, ऑक्सिजन येतो पाच, आणि कार्बन डायऑक्साइड भरतात चारच. क्रेब्जची एकच फेरी धरणाऱ्याचे वाहक आठ, ऑक्सिजन चार. अडीच-तीनचा वाद या तपासणीपर्यंत पोहोचतच नाही, कारण तिथे एटीपीचा संबंधच येत नाही.

वर्गात भाव कुठला शिकवायचा यावर सर ठाम राहिले: बोर्डासाठी आणि प्रवेश परीक्षेसाठी ३८ सांगणार, मात्र फळ्यावर वरचं कोष्टक आधी, आणि गुणाकाराच्या वेळी दोन्ही भाव शेजारी शेजारी. त्या पालकांना हे अर्धवट वाटलं. मला व्यवहार्य वाटलं.

परिणाम

टप्पा विसरलेल्या मुलाची उत्तरपत्रिका मी मुद्दाम पाहिली. (अ) मध्ये त्याने पुन्हा एनएडीएच ८ आणि एफएडीएच२ २ लिहिले होते. (आ) मध्ये दहा भागिले दोन, पाच ऑक्सिजन. त्याखाली समीकरण लिहून सहाच्या आकड्याभोवती दोनदा पेन फिरवलेलं. मग (अ) मधल्या दोन ओळींच्या मध्ये, जागा नसताना, बारीक अक्षरात पायरुव्हेटची ओळ घुसवलेली, आणि आठावर काट मारून दहा. त्याला त्याची चूक कोणी सांगितली नव्हती.

सगळंच असं छान झालं नाही. काही मुलांनी ‘वाहक बारा आले पाहिजेत’ एवढंच पकडलं आणि राहिलेले दोन एनएडीएच क्रेब्ज चक्रात ढकलले: फेरीमागे चार. बेरीज जुळली, ऑक्सिजन जुळला, एटीपीही जुळला. त्यांना कार्बनच्या रकान्याने पकडलं. सहाही कार्बन डायऑक्साइड त्यांनी चक्रातच दाखवले होते, म्हणजे फेरीमागे तीन. चक्रात एका फेरीला दोनच कार्बनचा ॲसिटिल गट शिरतो, मग तीन बाहेर पडले तर चक्र सुरुवातीच्या रेणूवर परत येणार कसं? एका मुलीने मात्र कार्बनही बरोबर वाटले आणि एनएडीएच तरीही चुकीच्या ओळीत टाकले. तिची चूक नुसत्या बेरजांनी सापडत नाही, ती ओळ वाचावीच लागते.

मूळ तक्रारदार मुलीला पूर्ण गुण मिळाले. तिच्या आईने सरांना पत्र पाठवून एकच शंका काढली: मॅलेट-ॲस्पार्टेट मार्गालाही थोडा प्रोटॉन खर्च येतो, मग तिथे पुरे अडीच का धरले? शंका रास्त आहे. या मार्गात ग्लुटामेट आत घेताना सोबत एक प्रोटॉन आत येतो, त्यामुळे खरा भाव अडीचपेक्षा किंचित कमी पडतो. म्हणूनच प्रश्नात ‘धरा’ हा शब्द होता.

वेगळं काय करता आलं असतं

पेपर परीक्षेआधी दुसऱ्या नजरेखालून गेला असता तर हे सगळं टळलं असतं, हे उघड आहे. क्लासने आता तो क्रम पाळायला सुरुवात केली आहे. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या-नव्या गाइडांतले प्रश्न जसेच्या तसे उचलणंही सरांनी थांबवलं आहे, कारण एका गाइडात ३६, दुसऱ्यात ३८ आणि तिसऱ्यात ३२ असतं आणि गृहीतक कुठेच छापलेलं नसतं.

पण मला वाटतं, बदललेला प्रश्नही सर्वात चांगला नव्हता. मॅलेट-ॲस्पार्टेटची अट त्यात घालावी लागली, आणि तो मार्ग बारावीच्या मुलांनी नीट शिकलेलाच नव्हता. त्याऐवजी सुरुवातच पायरुव्हेटपासून केली असती तर? ‘तंतुकणिकेत शिरलेल्या एका पायरुव्हेट रेणूपासून किती एटीपी?’ आता सगळे वाहक आतच तयार होतात, बाहेरचे एनएडीएच आत नेण्याचा प्रश्नच मिटतो. जो टप्पा मुलं सर्वाधिक विसरतात तो मात्र अगदी दारात उभा राहतो. चार एनएडीएच, एक एफएडीएच२, एक थेट. नव्या भावाने दहा अधिक दीड अधिक एक, साडेबारा. जुन्या भावाने पंधरा. तपासणीही लागू पडते: पाच वाहक, म्हणजे अडीच ऑक्सिजन, आणि पायरुव्हिक आम्लाचं समीकरण तेच सांगतं:

```
C3H4O3 + 2.5 O2 → 3CO2 + 2H2O
```

भाव प्रश्नात छापला की गृहीतक एकच उरतं आणि तेही लेखी. बहुपर्यायी करायचा झाला तर पर्यायांत १० ठेवावा, कारण टप्पा विसरणारा नव्या भावाने बरोबर तिथे पोहोचतो. २५ ही ठेवावा, सवयीने दुप्पट करणाऱ्यासाठी. १५ मात्र ठेवू नये. हा प्रश्न पुढच्या सत्राच्या पेपरात घालायचं ठरलं आहे, आणि साडेबारा वाचून ‘अर्धा कसा’ असं विचारणारा पहिला मुलगा कोण निघतो, यावर सर आणि गणिताचे सहकारी यांच्यात चहाची पैज लागली आहे.